मोठ्या पार्किंगमध्ये गाडी परत शोधणे: पिन एकीकडे, गाडी दुसरीकडे

पाऊलखूण
मंडळी, एक व्यवहारातला प्रश्न. पुढच्या महिन्यात एका मोठ्या कार्यक्रमाला जायचंय. सकाळी आत शिरलो की बाहेर पडायला रात्रीचे अकरा तरी वाजणार. पार्किंगचे दोन पर्याय आहेत: सहा मजली पार्किंगची इमारत किंवा उघडं मैदान. पास आधीच काढायचा असल्याने आत्ताच ठरवायला हवं.

शंका फोनच्या पिनबद्दल आहे. माझा फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडलेला असतो. गाडी बंद केली की नकाशावर आपोआप पिन पडते. मैदानात ती बरोबर पडते. बहुमजलीत मात्र गाडी चौथ्या मजल्यावर मागच्या कोपऱ्यात असली तरी पिन हमखास प्रवेशाच्या फाटकापाशी. फोन बदलून पाहिला, तरी तेच. असं का होतं? आणि मजला पाठ करण्यापलीकडे काही भरवशाचा उपाय आहे का? सोबत आई असेल, तिचे गुडघे दुखतात. मध्यरात्री तिला मजले चढउतार करायला लावायचे नाहीत.

निवांत_नाना
सोपं आहे. दोन तास आधी पोचायचं. लवकर गेलं की दाराजवळची जागा मिळते, सावलीही मिळते. आम्ही कायम असंच करतो.

पाऊलखूण
नाना, जागा मिळण्याची अडचण नाही हो, पासात जागा राखीव आहे. लावलेली गाडी रात्री परत कशी सापडेल, हा प्रश्न आहे.

निवांत_नाना
अच्छा. मग जिथे लावली तिथेच असेल की.

यंत्रवत
पार्किंगच्या इमारतींत सेन्सर आणि फलक बसवण्याच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा फोन बिघडलेला नाही. पिन पडते ती ब्लूटूथ तुटतं त्या क्षणी, म्हणजे तुम्ही चौथ्या मजल्यावर गाडी बंद करता तेव्हा. पण त्या क्षणी फोनला उपग्रह दिसतच नसतात, डोक्यावर काँक्रीटचे दोन-तीन थर असतात. मग फोन शेवटचं जे खात्रीचं ठिकाण त्याच्याकडे असतं तेच लिहून ठेवतो, आणि ते असतं रॅम्पच्या तोंडाशी, जिथपर्यंत आकाश दिसत होतं. कधी कधी आसपासच्या वायफायवरून अंदाज बांधतो, मग पिन शेजारच्या इमारतीतसुद्धा जाऊन बसते. गोल रॅम्पवरून तीन-चार वळसे घेतले की दिशेचाही पत्ता राहत नाही, कारण सळया आणि गाड्यांच्या लोखंडामुळे होकायंत्र भरकटतं.

दुसरी गोष्ट, पिन सपाट नकाशावर असते. समजा ती अगदी अचूक पडली, तरी त्या एका ठिपक्याखाली सहा मजले आहेत. मोकळ्यावर फोनची चूक साधारण पाच मीटरची असते. गाडीची जागा अडीच मीटर रुंद. म्हणजे मैदानात पिन तुम्हाला दोन गाड्या इकडे-तिकडे इतक्या जवळ आणून सोडते, आणि तेवढं पुरेसं आहे. बहुमजलीत तिचा उपयोग एवढाच की इमारत कुठली ते कळतं. तेही कमी नाही म्हणा, जुळ्या इमारती असल्या की लोक चुकीच्या इमारतीत तासभर फिरताना मी पाहिलेत.

सर्किट_सुटलं
यावर साधा उपाय आहे. बऱ्याच फोनमध्ये बॅरोमीटर असतो. त्याचं ॲप घ्या, गाडीपाशी हवेचा दाब लिहून ठेवा, परत येताना तोच आकडा येईल तो आपला मजला. उंची बदलली की दाब बदलतो, शाळेतलं विज्ञान आहे.

यंत्रवत
निम्मं बरोबर. वर गेल्यावर दाब उतरतो हे खरं, मीटरमागे साधारण ०.१२ हेक्टोपास्कल. तीन मीटरचा मजला धरला तर मजल्यामागे ०.३६. चांगला फोन एवढा फरक सहज पकडतो. पण तोच आकडा रात्री परत येणार नाही. हवामान शांत असलं तरी दिवसभरात दाब वरखाली होतो. उष्ण प्रदेशात सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला असतो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो, रात्री पुन्हा चढतो. हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कल सहज होतो, म्हणजे पाच ते आठ मजले!

तेव्हा आकडा लिहायचा नाही, फरक लिहायचा. समजा सकाळी फाटकापाशी दाब १००४.८ होता आणि गाडीपाशी १००३.४. फरक १.४, म्हणजे जवळपास बारा मीटर, चार मजले. रात्री फाटकापाशी पुन्हा बघा. समजा आता १००६.१ आहे. त्यातून १.४ वजा केले की १००४.७. जिथे हा आकडा दिसेल तो तुमचा मजला. सकाळचा १००३.४ शोधत बसलात तर तेवीस मीटर चढावं लागेल, आणि तुमची सहा मजली इमारत त्याआधीच संपेल. दोन्ही वेळा वाचन गाडीच्या बाहेर उभं राहून, एकाच फोनवर घ्या.

सर्किट_सुटलं
हं, दिवसभरातला बदल धरला नव्हता. पण अर्धे मजले असतात तिथे? आमच्याकडे ३अ आणि ३ब आहेत, मध्ये फक्त दीड मीटर.

यंत्रवत
तिथे ०.१८ चा खेळ. फोनचं वाचन मधल्या मध्ये तेवढं डुलतं, त्यामुळे भरवसा ठेवू नका. खरं सांगायचं तर बॅरोमीटर ही हौस आहे. पाऊलखूण यांच्या कामाचं उत्तर वेगळं आहे, तेच लिहायचं होतं.

बहुमजलीत लोक मजला विसरतात त्यापेक्षा जास्त वेळा लिफ्ट चुकतात. मोठ्या इमारतीत लिफ्टचे दोन-तीन गट असतात. सकाळी पूर्वेच्या लिफ्टने उतरलात, रात्री गर्दी ढकलेल तशी पश्चिमेच्या लिफ्टने चढलात. मजला बरोबर, पण समोरचं दृश्य आरशात पाहिल्यासारखं उलटं. मग "डावीकडे दहावी गाडी" ही आठवण तुम्हाला बरोबर विरुद्ध टोकाला नेते, आणि थोड्या वेळाने माणूस मजल्याबद्दलही साशंक होतो.

म्हणून फोटो गाडीचा काढू नका. गाडी कशी दिसते ते तुम्हाला माहीत आहे. एक फोटो जवळच्या खांबाचा, क्रमांक दिसेल असा. दुसरा लिफ्टपाशी पोचल्यावर मागे वळून, म्हणजे रात्री लिफ्टचं दार उघडल्यावर जे दिसेल नेमकं तेच फोटोत असेल. तिसरा लिफ्टच्या दारावरच्या मजल्याच्या पाटीचा, आणि लिफ्टला अक्षर किंवा रंग असेल तर तोही त्यात यायला हवा. चौथा तळाशी, ज्या दारातून इमारतीबाहेर पडलात त्या दाराचा. हा चौथा फोटो सगळे विसरतात, आणि रात्री सगळ्यात आधी लागतो तोच.

अनघा_क
आमच्या इथल्या इमारतीत खांबांवर क्रमांक आहेत, पण प्रत्येक मजल्यावर तेच! क७ पहिल्यावरही आणि पाचव्यावरही. मी मागे फक्त खांबाचा फोटो काढला होता, म्हणून विचारतेय. अशा वेळी सगळे मजले पालथे घालायचे का?

यंत्रवत
अनघाताई, उलट ही चांगली परिस्थिती आहे. खांब तळापासून वरपर्यंत सरळ एकाच रेषेत जातात. क७ पाचव्या मजल्यावर जिथे आहे, बरोबर त्याच्या खाली चौथ्या मजल्यावरचा क७ असणार. त्यामुळे कुठल्याच मजल्यावर हिंडायचं नाही. क७ च्या सर्वांत जवळचा जिना शोधा, प्रत्येक मजल्यावर दार उघडून त्या एकाच खांबाकडे नजर टाका, नसेल तर पुढचा मजला. सहा मजले दहा मिनिटांत होतात. पायऱ्या नको असतील तर लिफ्टने, फक्त लिफ्ट त्याच बाजूची हवी.

मजला ठाऊक आहे पण खांब नाही, ही खरी कटकट. तेव्हा मजल्याची प्रत्येक गल्ली चालावी लागते.

चाकोरीबाहेर
एवढं कशाला? गाडीत ब्लूटूथ टॅग टाकून ठेवा, विषय संपला.

यंत्रवत
टॅगला स्वतःचं ठिकाण कळत नसतं. जवळून जाणाऱ्या कुणाचा तरी फोन त्याला ऐकतो आणि स्वतःचं ठिकाण कळवतो. त्या फोनलाही तिथे उपग्रह दिसत नाहीत, म्हणजे पुन्हा पहिलीच अडचण. हां, तुम्ही बरोबर मजल्यावर पोचलात की शेवटच्या काही मीटरांत टॅग उपयोगी पडतो. मजला शोधायला नाही.

दोन_शिट्या
मैदानाबद्दल कुणी बोलतच नाहीये. मी मोठ्या मेळाव्यांत मैदानावर गाड्या लावून घेणाऱ्या स्वयंसेवकांत असतो. शिट्ट्या फुंकणारे आम्हीच.

रात्री आमच्याकडे लोक येतात आणि सांगतात, "पांढरी गाडी आहे, एका झाडाजवळ." काका, इथे निम्म्या गाड्या पांढऱ्या आहेत. मी त्यांना एकच विचारतो: आत किती वाजता आलात?

कारण मैदान भरतं ते क्रमाने. आम्ही फाटकापासून सगळ्यात लांबची रांग आधी भरतो, मग तिच्या अलीकडची, असं करत फाटकाकडे येतो. कुणाला मनासारखी जागा निवडू देत नाही. त्यामुळे गाडी कुठे आहे याचं उत्तर बरंचसं गाडी कधी आली यात असतं.

हिशेब करून बघा. दोनशे मीटरची रांग, गाडीला अडीच मीटर, म्हणजे रांगेत ऐंशी गाड्या. फाटकातून मिनिटाला आठ गाड्या आत येत असतील तर एक रांग दहा मिनिटांत भरते. तुम्ही पाच वाजून दहा मिनिटांनी आत आलात हे पक्कं माहीत असेल तर तुमची गाडी फार तर दोन-तीन रांगांत असणार.

पाऊलखूण
हे भारी आहे. पण मिनिटाला किती गाड्या आल्या हे मला कसं कळणार?

दोन_शिट्या
कळायची गरजच नाही. रांगेत जे लोक स्वतःच्या गाडीत बसत असतील त्यांना विचारायचं, "तुम्ही कधी आलात हो?" एक म्हणाला चार चाळीस. आणखी थोडं फाटकाकडे येऊन दुसऱ्याला विचारलं, तो म्हणाला साडेपाच. तुम्ही पाच दहाचे, म्हणजे या दोघांच्या मध्ये. मधल्या रांगेत जाऊन तिसऱ्याला विचारा. तीन-चार जणांना विचारलं की रांग हाताशी येते. लोकांना पोचल्याची वेळ बऱ्यापैकी आठवते, शिवाय फोनवर कुणाला तरी "पोचलो" असं कळवलेलं असतंच. स्वतःची वेळही तशीच काढायची: पावतीवर, नाहीतर त्या निरोपावर.

नुसतं चालत शोधलं तर काय होतं तेही सांगतो. दोनशे बाय तीनशे मीटरचं मैदान धरा. एका गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंच्या गाड्या दिसतात, दोन रांगा आणि मधली वाट मिळून सोळा मीटर. तीनशे मीटरांत अशा एकोणीस गल्ल्या, प्रत्येक दोनशे मीटर. जवळजवळ चार किलोमीटर चाल, तीही अंधारात. वेळ कळली तर दोन गल्ल्या.

यंत्रवत
सुरेख. हे मला माहीत नव्हतं. फाटकं एकाहून जास्त असली की हा क्रम मोडत असेल ना?

दोन_शिट्या
मोडतोच. दोन फाटकं असली की मैदानाचे दोन भाग वेगवेगळे भरतात, म्हणून फाटक कुठलं हे वेळेइतकंच महत्त्वाचं. पाऊस पडून एखादा पट्टा चिखलाचा झाला तर आम्ही तो सोडून देतो आणि पुढची रांग भलतीकडेच सुरू होते. आणि उशिरा आलेल्यांना मधल्या फटींत कोंबतो. म्हणजे शेवटच्या तासाभरात आलेल्यांना हा हिशेब लागू नाही. त्यांना मी सरळ सांगतो, थांबा. मैदान रिकामं होऊ द्या, गाडी आपोआप दिसेल.

भटकी
मैदानासाठी माझी डोंगरातली सवय. गाडीपाशी उभं राहून लांबवर बघायचं आणि अशा दोन ठाम वस्तू शोधायच्या ज्या एकामागे एक, एका रेषेत दिसतात. उदाहरणार्थ, पाण्याच्या टाकीच्या बरोबर मागे विजेचा मनोरा. मग साधारण काटकोनात वळून दुसऱ्या दिशेला तशीच आणखी एक जोडी. परत येताना टाकी आणि मनोरा एका रेषेत येईपर्यंत सरकायचं, मग त्या रेषेवरून चालत राहायचं, दुसरी जोडी जुळली की थांबायचं. एकच खूण धरली तर "टाकीजवळ" म्हणजे शंभर मीटर इकडे की तिकडे, काहीच कळत नाही. दोन वस्तूंची रेष मात्र चार पावलं सरकलात तरी मोडलेली दिसते.

यात एक पथ्य आहे. वस्तू रात्री दिसणारी हवी, आणि रात्रीपर्यंत जागेवर राहणारी हवी. फुगे, झेंडे, मांडव, शेजारचा मोठा ट्रक यातलं काहीही धरायचं नाही.

दोन_शिट्या
आणि जनरेटरवरचे दिव्याचे खांबही नाहीत! ते चाकांवर असतात. गरज पडेल तसे आम्ही ढकलत नेतो.

भटकी
हे लक्षात आलं नव्हतं, नोंद करते.

चाकोरीबाहेर
किल्लीचं बटण दाबलं की हॉर्न वाजतो, हे सगळ्यांना माहीत आहे ना? किल्ली हनुवटीला लावून दाबली तर पल्ला वाढतो.

सर्किट_सुटलं
हनुवटीचं काम मुख्यतः किल्ली उंच धरण्याचं आहे असं माझं मत. हात वर करून दाबा, तेवढाच फायदा.

चाकोरीबाहेर
मी दोन्ही करून पाहिलंय. हात वर करून लागला नाही, हनुवटीला लावल्यावर लागला.

यंत्रवत
डोक्यातलं पाणी लहरींना थोडी मदत करतं, त्यामुळे चाकोरीबाहेर अगदीच चुकत नाहीत. पण किती फायदा होतो हे किल्ली आणि गाडीनुसार बदलतं, यावर भांडण नको. दोन गोष्टी मात्र सांभाळा. उघडायचं बटण दाबू नका, लॉकचं दाबा. नाहीतर कुठेतरी न दिसणारी गाडी उघडी पडते. बऱ्याच गाड्या थोड्या वेळाने पुन्हा लॉक होतात, सगळ्या नाही. आणि बहुमजलीत आवाजाच्या मागे जाऊ नका. काँक्रीटवर आदळून आवाज चारी बाजूंनी येतो, रॅम्पच्या पोकळीतून वरच्या मजल्यावरचा हॉर्न खाली अगदी जवळ ऐकू येतो. तिथे कान बंद आणि डोळे उघडे, दिवे कुठे लुकलुकतात ते बघा.

मैदानात याचा खरा उपयोग आहे. किल्ली तीस मीटरवरून चालत असेल तर दोन्हीकडे मिळून साठ मीटरचा पट्टा होतो. दोन_शिट्यांच्या एकोणीस गल्ल्यांऐवजी दर चौथी गल्ली चालली तरी भागतं. चार किलोमीटरचा एक होतो.

अनघा_क
फक्त कार्यक्रम सुटल्यावर लगेच नाही. तेव्हा हजार लोक बटणं दाबत असतात, आपला हॉर्न कुठला तेच कळत नाही. भाड्याची गाडी असेल तर आणखीच गंमत, आवाजही ओळखीचा नसतो. आम्ही एकदा दुसऱ्याच्याच गाडीच्या दाराशी झटापट करत होतो, मालक शांतपणे मागे उभा. :-)

पाऊलखूण
सगळ्यांचे आभार. आता मी असा विचार करतोय की बहुमजलीच घ्यावी, पण थेट गच्चीवर लावावी. वर आकाश मोकळं, म्हणजे पिन बरोबर पडेल. आणि मजला विसरायचा प्रश्नच नाही, लिफ्टचं शेवटचं बटण. आईला चालावंही लागणार नाही. काही चुकतंय का?

यंत्रवत
पिनच्या दृष्टीने बरोबर. पण दोन गोष्टी तपासा. सगळ्या लिफ्ट गच्चीपर्यंत जातात का? काही ठिकाणी शेवटचा मजला फक्त रॅम्पने आणि जिन्याने जोडलेला असतो. आणि कार्यक्रम सुटल्यावर गच्चीवरची गाडी सगळ्यात शेवटी बाहेर पडते, खालचे सगळे मजले तुमच्या आधी रॅम्पवर आलेले असतात.

दोन_शिट्या
मी तर मैदानच म्हणेन. आईंना फाटकापाशी खुर्चीवर बसवा आणि तुम्ही एकट्याने जाऊन गाडी आणा. सगळं कुटुंब मिळून शोधायला निघतं हीच मोठी चूक, मग माणसंही शोधावी लागतात. त्या वेळी फोन लागत नाहीत, नेटवर्क तुंबलेलं असतं. पिनला नेट लागत नाही, पण खालचा नकाशा उघडायला लागतं. तो आधी उतरवून ठेवा.

यंत्रवत
गाडी आणून फाटकापाशी थांबू देतात का पण? आमच्याकडे कार्यक्रम सुटल्यावर पहिला तासभर उलट दिशेने गाडीच येऊ देत नाहीत.

दोन_शिट्या
प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. आमच्याकडे वयस्कर माणसं असतील तर देतो, गर्दी फार असली तर नाही. आयोजकांना आधी विचारा.

निवांत_नाना
पाऊलखूण, आता मलाही एक विचारायचंय. आमची इमारत जमिनीखाली तीन मजले आहे. तिथे तो दाबाचा हिशेब उलटा करायचा का?

यंत्रवत
हो नाना, खाली जाल तसा दाब वाढतो. फाटकापेक्षा जास्त भरेल तेवढा फरक रात्री मिळवायचा, वजा करायचा नाही. पण तीनच मजले असतील तर लिफ्टच्या पाटीचा फोटो काढा आणि बॅरोमीटर सर्किट_सुटलं यांच्यासाठी ठेवा.

पाऊलखूण
आयोजकांना फोन केला. गच्चीपर्यंत दोनपैकी एकच लिफ्ट जाते, ती कुठल्या दाराशी आहे ते त्यांना सांगता आलं नाही. फाटकापाशी गाडी थांबवण्याबद्दल "त्या वेळी पाहू" असं उत्तर मिळालं. पास काढायला अजून चार दिवस आहेत. उद्या स्वतः जाऊन ती लिफ्ट पाहून येतो, मग इथे कळवतो.